बारामती व इंदापूर तालुक्यांतील ग्रामनामांची अकारविल्हे मांडणी

भीमा व नीरा यांच्या मधल्या मुलुखांतील कागद चाळणाऱ्यास ग्रामनामांच्या याद्या पदोपदीं लागतात. इंदापूर तालुक्यांत गोल्डस्मिड व विंगेट यांनीं बसविलेली जमाबंदी इ. स. १८३६ मध्यें अमलांत आली व तीच पुढें मुंबई इलाख्यांतील पाहणीचा नमुना ठरली. तेव्हांपासूनच्या निरनिराळ्या काळच्या याद्या एकमेकींशीं ताडून पाहावयाच्या असल्या, तर प्रत्येक गांव यादींत ठराविक जागींच सांपडलें पाहिजे. एकच गांव दोन ठिकाणीं गेलें तर गांवांची संख्या फुगते. आणि अपेक्षित जागीं तें नसलें तर ‘या यादींत हें गांव नाहीं’ असा निष्कर्ष कोणीतरी छापून मोकळा होतो. छापील याद्यांच्या पीडीएफ प्रतींतून नांवें काढून तीं स्प्रेडशीटमध्यें घातलीं म्हणजे नेमका हाच घोटाळा होतो. तो कां होतो व कसा टाळावा, एवढेंच येथें बारामती व इंदापूर येथील नांवांवरून दाखवावयाचें आहे.

संगणकास अक्षर असें दिसत नाहीं; त्यास चिन्हांचे क्रमांक दिसतात. ‘मा’ हें आपल्या दृष्टीनें एक अक्षर, पण संगणकाच्या दप्तरीं तीं दोन चिन्हें: म हा २३५० व काना हा २३६६. या क्रमांकांची रचना भारतीय लिप्यांसाठीं केलेल्या ‘इस्की’ नांवाच्या सामायिक कोष्टकावरून युनिकोडमध्यें आली, आणि बहुतांशीं ती आपल्या सोयीचीच आहे. सर्व व्यंजनें आधीं, त्यांच्या मागून काना, वेलांटी, उकार, मात्रा आपल्या बाराखडीच्या क्रमानें, व सर्वांच्या शेवटीं हलन्ताचें चिन्ह २३८१, असा तो क्रम आहे. त्यामुळें ‘कटफळ’ हें ‘काटी’च्या आधीं येतें, व जोडाक्षरें त्या त्या व्यंजनाची बाराखडी संपल्यावर येतात, आपल्या कोशांची रीतहि तीच. तेव्हां जोडाक्षरांनीं क्रम बिघडतो अशी जी तक्रार ऐकूं येते, ती बहुधा अस्थानीं असते. बिघाड निराळ्याच ठिकाणीं आहे.

पहिला बिघाड ळकाराचा. आपल्या वर्णमालेंत ळ हा ह नंतर येतो. संगणकाच्या कोष्टकांत मात्र तो ल च्या पाठोपाठ २३५५ वर बसला आहे; व, श, ष, स, ह हे २३५७ ते २३६१ असे त्याच्या मागून येतात. पुणें जिल्ह्यांतील ग्रामनामांत ळ किती येतो हें सांगावयास नको. बारामतींतील मासाळवाडी ही इंदापुरांतील माळवाडीच्या आधीं यावयास पाहिजे, कारण स नंतर ळ. केवळ क्रमांकानें लावलेल्या यादींत ती माळवाडीच्याच नव्हे, तर दोन्ही माळेगांवांच्याहि खालीं जाते.

दुसरा बिघाड ऱ्ह चा. कऱ्हावागज व कोऱ्हाळे या नांवांतील अर्धा र संगणकावर दोन रीतींनीं लिहिला जातो. कोणी त्यासाठीं ऱ हें स्वतंत्र चिन्ह, क्रमांक २३५३, वापरून त्यास हलन्त जोडतो. कोणी साधा र, हलन्त व त्यापुढें ८२०५ क्रमांकाचें अदृश्य जोडचिन्ह घालतो. छापून पाहिल्यास दोहोंत केसाचाहि फरक दिसत नाहीं. पण संगणकास तीं दोन निराळीं नांवें आहेत. एकच कऱ्हावागज यादींत दोनदां येतें, आणि डोळ्यांस कारण सांपडत नाहीं.

तिसरा बिघाड अनुस्वाराचा, आणि तो आमच्यासारख्या जुन्या कागदांच्या लोकांस विशेष बाधणारा. अनुस्वाराचा क्रमांक २३०६ म्हणजे सर्व वर्णांच्या आधींचा, म्हणून निंबुत व निंबोडी हीं नांवें निमगावच्या अगोदर येतात. बाराखडीच्या न्यायानें कं हा कौ च्या नंतर यावा असें म्हणणारे आहेत. हिंदी कोशांत अनुस्वार पहिल्यानें धरतात. यांपैकीं कोणतीहि रीत चालेल, ती यादीच्या आरंभीं सांगितली म्हणजे झालें. आम्हीं अनुस्वार आधींच ठेवितों. खरी अडचण अनुच्चारित अनुस्वाराची आहे. मराठी साहित्य महामंडळाचे शुद्धलेखनाचे नियम इ. स. १९६२ मध्यें सरकारमान्य झाल्यावर ‘गांव’चें ‘गाव’ झालें. (प्रस्तुत लेखांत आम्ही जुन्या वळणानेंच लिहीत आहों, तें निराळें.) जुनी व नवी यादी एकत्र केल्यास ‘माळेगांव बुद्रुक’, मग ‘माळेगाव खुर्द’, आणि मग ‘माळेगाव बुद्रुक’ असा क्रम लागतो, म्हणजे एकाच गांवाच्या दोन नोंदींमध्यें दुसरें गांव शिरून बसतें.

हे बिघाड दुरुस्त करण्यापूर्वीं नांवें पीडीएफमधून सुस्थितींत निघालीं आहेत कीं नाहींत हें पाहिलें पाहिजे. कारण मोडलेल्या नांवास योग्य जागा असूं शकत नाहीं. छपाईंत ऱ्हस्व वेलांटी अक्षराच्या डावीकडे उमटते. कित्येक प्रतींतून मजकूर काढतांना चिन्हें या दिसण्याच्या क्रमानेंच बाहेर पडतात, उच्चाराच्या क्रमानें नव्हे. ‘भिगवण’चें ‘िभगवण’ होतें. वेलांटीचा क्रमांक सर्व व्यंजनांपेक्षां मोठा असल्यानें असें नांव क्रमांकानें लावलेल्या यादीच्या तळाशीं, ह च्याहि खालीं, जाऊन पडतें. म्हणून यादी हातीं येतांच आम्ही तिचा शेवट आधीं पाहतों. रफाराचेंहि तसेंच: तो अक्षराच्या माथ्यावर मागाहून उमटतो, म्हणून ‘लासुर्णे’चें ‘लासुणेर्’ व ‘डोर्लेवाडी’चें ‘डोलेर्वाडी’ होतें. बारामतींतील शिर्सुफळ दोन्ही आपत्ती एकदम भोगतें: ‘िशसुर्फळ’. नांवें A स्तंभांत असतील तर आरंभीं मात्रा असलेलीं व शेवटीं हलन्त उरलेलीं नांवें पुढील दोन सूत्रांनीं निवडतां येतात. जेथें TRUE येईल तें नांव मूळ पानाशीं ताडावें.

```
=UNICODE(A2)>=2366
=UNICODE(RIGHT(A2,1))=2381
```

परंतु या चाळणींतून निसटणारीं नांवें अधिक घातक. नीरा व भीमा यांच्या संगमावरील नरसिंहपूर हें ‘नरिसंहपूर’ होऊन निघतें. वेलांटी येथें र ला जाऊन चिकटली, लेखन नियमबाह्य झालें नाहीं, सूत्र गप्प बसतें. ‘डोलेर्वाडी’चीहि तीच गत. अशा ठिकाणीं छापील पान पुढें घेऊन एकेक नांव वाचण्यावांचून गत्यंतर नाहीं. दोन तालुक्यांच्या यादीस त्यासाठीं एक दुपार पुरते.

आतां मांडणी. कांहीं आज्ञावली निव्वळ क्रमांकानें नांवें लावतात, कांहीं स्वतःजवळचें भाषावार कोष्टक वापरतात, व तें कोष्टक आवृत्तीगणिक निराळें असूं शकतें. म्हणून एकच यादी दोन यंत्रांवर दोन क्रमांनीं लागते. त्यावर विसंबण्यापेक्षां मूळ नांवास हात न लावतां त्याच्या शेजारीं आपण स्वतः ठरविलेल्या क्रमाची एक किल्ली तयार करावी व यादी तिच्यावर लावावी, हें आम्हांस अधिक निर्धोक वाटतें. त्यासाठीं B, C व D हे तीन स्तंभ लागतात.

B मध्यें फक्त साफसफाई. पीडीएफमधून कित्येकदां साध्या मोकळ्या जागेऐवजीं १६० क्रमांकाची न तुटणारी मोकळी जागा येते, ती बदलावी. अदृश्य जोडचिन्ह काढावें. कडेच्या व दुहेरी मोकळ्या जागा गाळाव्या.

```
=TRIM(SUBSTITUTE(SUBSTITUTE(A2,UNICHAR(160)," "),UNICHAR(8205),""))
```

C मध्यें तिन्ही बिघाडांचा निकाल: गांव व गाव एक करावे, ऱ चा र करावा, आणि ळ च्या जागीं अवग्रह घालावा. अवग्रहच कां? कारण त्याचा क्रमांक २३६५, म्हणजे ह च्या नंतर व काना सुरू होण्याच्या अगदीं आधीं. ळ ला हवी असलेली जागा तीच, आणि ग्रामनामांत अवग्रह कधीं येत नाहीं. ग्रंथनामांच्या यादींत मात्र तो येऊं शकतो. तेथें ही युक्ति जपून वापरावी.

```
=SUBSTITUTE(SUBSTITUTE(SUBSTITUTE(B2,"गांव","गाव"),UNICHAR(2353),UNICHAR(2352)),UNICHAR(2355),UNICHAR(2365))
```

D मध्यें प्रत्येक चिन्हाचा क्रमांक पांच अंकीं करून ओळीनें लिहावा. एकदां नांवाचे अंक झाले म्हणजे कोणत्याहि आज्ञावलीचें भाषेचें कोष्टक मध्यें येत नाहीं. आरंभींचा k एवढ्यासाठींच कीं, हे अंक संख्या समजले जाऊं नयेत. SEQUENCE हें सूत्र एक्सेलच्या नव्या आवृत्त्यांतच आहे. जुन्या आवृत्तींत तें चालणार नाहीं.

```
="k"&CONCAT(TEXT(UNICODE(MID(C2,SEQUENCE(LEN(C2)),1)),"00000"))
```

म काराचीं नऊ नांवें घेऊन पाहूं. माळेगाव खुर्दमधील मोकळी जागा न तुटणारी आहे असें धरल्यास, निव्वळ क्रमांकानें हीं नांवें अशीं लागतात: मदनवाडी, मळद, माळवाडी, माळेगाव बुद्रुक, माळेगाव खुर्द, मासाळवाडी, मुर्टी, मेडद, मोरगाव. येथें दोन चुका आहेत: ळ मुळें मासाळवाडी खालीं घसरली, आणि १६० हा ३२ पेक्षां मोठा म्हणून खुर्द हें बुद्रुकच्या मागें गेलें. D स्तंभावर लावल्यास मासाळवाडीची किल्ली k023500236602360 अशी सुरू होते व माळवाडीची k023500236602365 अशी, म्हणून मासाळवाडी वर येते. सर्व क्रम असा होतो: मदनवाडी, मळद, मासाळवाडी, माळवाडी, माळेगाव खुर्द, माळेगाव बुद्रुक, मुर्टी, मेडद, मोरगाव.

क्ष व ज्ञ यांस वर्णमालेच्या शेवटीं स्वतंत्र स्थान द्यावें कीं क व ज च्या पोटांत ठेवावें, याविषयीं मतभेद आहे. वरील किल्लींत तीं पोटांतच राहतात, म्हणजे क्षीरसागर हें आडनांव क काराच्या अखेरीस मिळेल. ग्रामनामांत हा प्रश्न क्वचित् उपस्थित होतो, व्यक्तिनामांत वारंवार. म्हणून व्यक्तिनामांच्या सूचींत कोणता पक्ष स्वीकारला तें प्रस्तावनेंत नमूद करावें. यादी लावून झाल्यावर B, C व D हे स्तंभ पुसून टाकूं नयेत, लपवून ठेवावे. पुढें नवीं नांवें मिळालीं कीं सूत्रें खालीं ओढून यादी पुन्हां लावतां येते, आणि A मधील मूळ लेखन, त्यांतील ‘गांव’च्या अनुस्वारासह, जसें मिळालें तसेंच राहतें.