आठवड्यातला अर्धा तास

बऱ्याच ऑफिसांत मॅनेजर आणि त्याच्या हाताखालचा माणूस दर आठवड्याला दोघंच बसतात, आणि ‘ते काम कुठवर आलं?’ यातच वेळ संपतो. खरं तर कामाची प्रगती रोजच्या टीम मीटिंगमध्ये किंवा एक्सेलच्या तक्त्यात कळलेलीच असते. तीच पुन्हा तोंडी ऐकायची असेल तर ही बैठक बंद केलेली बरी.

इंटेलचे अँडी ग्रोव्ह यांनी १९८३ साली आलेल्या ‘हाय आउटपुट मॅनेजमेंट’ या पुस्तकात या बैठकीबद्दल एक नियम सांगितला: बैठक हाताखालच्या माणसाची, म्हणून विषयांची यादीही त्यानंच करायची. माझ्या मते सगळ्यात मोलाचा नियम हाच. मॅनेजरच्या हाताखाली आठ जण असतील तर आठ याद्या त्याच्याकडून होणार नाहीत, हे त्याचं एक कारण. दुसरं असं की, यादी करायची म्हणजे आपलं नेमकं कुठे अडलंय, याचा विचार आधी करावाच लागतो.

यादी साधी असावी. दोघांना उघडता येईल असं एकच गूगल डॉक, वर तारीख, खाली तीन-चार ओळी. आठवडाभरात जे सुचेल ते तिथे टाकत जायचं. मॅनेजरलाही स्वतःचे एक-दोन मुद्दे तिथेच लिहिता येतात, पण ते शेवटी.

समजा, पुण्यातल्या एका सॉफ्टवेअर कंपनीत टेस्टिंग करणारी मुलगी आहे. तिची गुरुवारची यादी अशी: ‘बिल्ड शुक्रवारी संध्याकाळी येतो, शनिवार जातो. ऑटोमेशन शिकायचंय, वेळ कसा काढू? दिवाळीची रजा.’ रजेचं दोन मिनिटांत आटपतं. खरा विषय पहिल्या ओळीत आहे. इथे मॅनेजर लगेच म्हणतो, ‘मी बोलतो डेव्हलपरशी.’ ही घाई टाळावी. त्याऐवजी त्यानं विचारावं, ‘मागच्या वेळी नेमकं काय झालं, सांग बरं.’

ती सांगू लागते. कोड शुक्रवारी दुपारपर्यंत बदलत राहतो, कारण क्लायंटची मागणी गुरुवारी रात्री येते. ‘मग तू त्यांना सांगितलंस का?’ यावर ती जरा थांबते आणि म्हणते, ‘ते सीनियर आहेत, मी कसं सांगू?’ म्हणजे अडचण वेळापत्रकाची होतीच, शिवाय ही भीडही होती. ‘मी बोलतो’ म्हणून विषय मिटवला असता, तर ती कळलीच नसती.

मग डॉकमध्ये दोन ओळी लिहिल्या जातात. पहिली: गुरुवार दुपारनंतर आलेले बदल पुढच्या रिलीजमध्ये घ्यायचे, याबद्दल मॅनेजर मंगळवारपर्यंत क्लायंटशी बोलणार. दुसरी: मागच्या तीन रिलीजना बिल्ड कधी आला, याची नोंद काढून ती स्वतः डेव्हलपरसमोर ठेवणार, मॅनेजर सोबत असेल, पण बोलणार ती. प्रत्येक ओळीत नाव आणि वार हवाच. पुढच्या गुरुवारी बैठक याच दोन ओळींपासून सुरू होते. मॅनेजरनं त्याचं काम केलेलं नसेल तर तेही तिथे दिसतं, आणि दिसायलाच हवं.

ऑटोमेशनचा विषय मात्र राहून गेला. तो पुढच्या यादीत सगळ्यात वर घ्यावा. एकच ओळ तीन आठवडे नुसती पुढे सरकत असेल, तर कुणीतरी तो विषय टाळतंय हे ओळखावं.

वेळेचं म्हणाल तर ग्रोव्ह किमान एक तास मागतात. वेळ कमी असला की माणूस सोपे विषयच काढतो, असं त्यांचं म्हणणं. दर आठवड्याला बसणार असाल तर अर्धा तास चालतो, पण पुढची पंधरा मिनिटं मोकळी ठेवा. अवघड गोष्ट बहुधा उठता उठताच निघते. ‘अजून एक होतं...’ असं कुणी म्हणालं आणि दारात पुढच्या मीटिंगची माणसं उभी असली, तर ती गोष्ट परत महिनाभर निघत नाही.

यादी कोरी येते, ‘सगळं ठीक आहे’ एवढंच उत्तर मिळतं, तेव्हा बैठक रद्द करू नये. ‘या आठवड्यात कोणतं काम विनाकारण लांबलं?’ असा नेमका प्रश्न विचारावा आणि गप्प बसून उत्तराची वाट पाहावी. बैठक पुढे ढकलावीच लागली तर त्याच आठवड्यात दुसरा दिवस द्यावा. दोनदा परस्पर रद्द झाली की समोरचा माणूस लिहिणं सोडतो.

पगारवाढ, बढती असे विषय या यादीत येणारच. ते मॅनेजरच्या हातात नसतील तर तसं स्पष्ट सांगावं, एचआरला कधी विचारणार ती तारीख लिहावी आणि त्या तारखेनंतरच्या बैठकीत उत्तर द्यावं, ते नकाराचं असलं तरी.