मुलाची उत्तरपत्रिका कुणाच्या हाती?

बुद्ध्यांक चाचणीनंतर पालकांना अहवाल मिळतो. पण मूल नेमकं काय बोललं, कुठे अडखळलं, हे टिपलेली मूळ नोंदपत्रिका मानसशास्त्रज्ञाच्या कुलूपबंद कपाटात राहायला हवी. शाळेने ती मागितली, तरी अहवाल पुरतो, तोही पालकांच्या लेखी संमतीने. त्या कागदावरून चाचणीचे प्रश्नही कळतात. ते व्हॉट्सअ‍ॅपवर फिरले, की उत्तरं पाठ करून आलेल्या मुलाचा आकडा फुगतो आणि त्याला हवी असलेली मदत हुकते. पालकांना शंका असेल, तर समोर बसवून उत्तरं समजावून सांगावीत. दुसऱ्या मानसशास्त्रज्ञाला तपासायचं असेल, तर पालकांच्या संमतीने प्रत थेट त्यालाच, बंद पाकिटात, पोच घेऊन द्यावी. मात्र त्याआधी समास वाचावा; मुलाने सहज सांगितलेलं घरातलं भांडण तिथे लिहिलेलं असू शकतं.