कॉल लेटरवरचं नाव आणि ओळखपत्रावरचं नाव

सरकारी बँकांमधल्या क्लार्क आणि प्रोबेशनरी ऑफिसर पदांची भरती आयबीपीएस ही मुंबईतली संस्था करते. तिच्या कॉल लेटरसोबत सूचनांची दोन-तीन पानं असतात. मोबाईल नेऊ नका, अमुक वेळेनंतर फाटक बंद होईल, हे त्यातलं सगळे वाचतात. ओळखपत्राबद्दलचा परिच्छेद मात्र बरेच जण नुसता चाळतात. त्यात स्पष्ट म्हटलेलं असतं की कॉल लेटरवरचं नाव आणि ओळखपत्रावरचं नाव तंतोतंत जुळलं पाहिजे, आणि फरक आढळला तर परीक्षेला बसू दिलं जाणार नाही. लग्नानंतर नाव, मधलं नाव किंवा आडनाव बदललेल्या महिलांनी याकडे विशेष लक्ष द्यावं, असंही तिथेच वेगळं नमूद केलेलं असतं.

हे वाक्य महाराष्ट्रातल्या मुलींना जास्त लागू पडतं. आपल्याकडे नावाचे तीन भाग: स्वतःचं नाव, वडिलांचं नाव, आडनाव. लग्नानंतर रीतीप्रमाणे मागचे दोन्ही बदलतात, काही घरांत पहिलंही बदलतं. म्हणजे एकाच मुलीची दोन पूर्ण नावं तयार होतात आणि ती वेगवेगळ्या कागदांवर पसरतात. मुलग्याच्या बाबतीत चूक झाली तर सहसा एखाद्या अक्षराची होते. इथे नावाचे तीनपैकी दोन भागच वेगळे असतात.

एक उदाहरण घेऊ. नावं कल्पित आहेत, पण अशी कागदपत्रं घराघरांत सापडतील. दहावीच्या गुणपत्रिकेवर SHINDE VAISHALI DATTATRAY. राज्य मंडळ आडनाव आधी छापतं आणि आईचं नाव वेगळ्या ओळीत देतं. पदवीच्या प्रमाणपत्रावर हेच नाव. कॉलेजात असताना काढलेल्या पॅन कार्डावर VAISHALI DATTATRAY SHINDE. दोन वर्षांपूर्वी लग्न झालं. सासरच्या पत्त्यासाठी आधार बदलायला गेली तेव्हा सेवा केंद्रात नावही बदलून घेतलं. आता आधारवर Vaishali Kiran Jagtap आहे आणि मतदार ओळखपत्रही त्याच नावाने नव्याने आलं आहे.

आता ती अर्ज भरायला बसते. अर्जात पहिलं नाव, मधलं नाव आणि आडनाव यांचे वेगळे रकाने असतात. पहिला गोंधळ इथेच होतो. गुणपत्रिका समोर ठेवून भरणारे त्या क्रमानेच जातात आणि पहिल्या रकान्यात आडनाव टाकतात. गुणपत्रिकेवरचा क्रम फक्त मंडळाच्या छपाईचा आहे. अर्जात रकान्याचं शीर्षक वाचूनच भरायचं.

दुसरा प्रश्न खरा अवघड: शिंदे लिहायचं की जगताप? जाहिरात सांगते की उमेदवाराचं आणि वडील किंवा पतीचं नाव प्रमाणपत्रं, गुणपत्रिका आणि ओळखपत्र यांच्याप्रमाणेच हवं. वैशालीची प्रमाणपत्रं एक नाव सांगतात आणि आधार दुसरं. दोन्हींशी एकदम जुळेल असं नावच तिच्याकडे नाही. तिच्यापुढे दोन रस्ते आहेत आणि दोन्ही रीतसर आहेत. फक्त एक निवडला की मध्येच दुसरीकडे वळता येत नाही.

पहिला रस्ता माहेरच्या नावाचा. अर्जात Vaishali Dattatray Shinde, परीक्षेच्या दिवशी हातात मूळ पॅन कार्ड आणि त्याची झेरॉक्स. आयबीपीएसला ओळखपत्र म्हणून पॅन चालतं, आधारच हवं असं नाही. पासपोर्ट, पक्कं ड्रायव्हिंग लायसन्स, मतदार ओळखपत्र, फोटो असलेलं बँक पासबुक, मान्यताप्राप्त कॉलेजचं ओळखपत्र, हेही यादीत असतं. रेशन कार्ड आणि शिकाऊ लायसन्स मात्र चालत नाही. ग्रामीण भागात नव्या नावाचा पहिला कागद बहुधा रेशन कार्डच असतो, म्हणून हे मुद्दाम सांगतो. माहेरच्या नावाने गेलं की दाराशी पॅन आणि कॉल लेटर जुळतं आणि पुढे कागदपत्रांच्या तपासणीत गुणपत्रिकाही जुळते.

दुसरा रस्ता सासरच्या नावाचा. अर्जात Vaishali Kiran Jagtap, हातात आधार. दाराशी नाव जुळेल, पण गुणपत्रिकांवरची शिंदे आणि समोरची जगताप एकच, हे पुढे सिद्ध करावं लागेल. नाव बदललेल्यांकडून आयबीपीएस राजपत्रातली अधिसूचना, विवाह प्रमाणपत्र किंवा प्रतिज्ञापत्र यांपैकी एक मागते, तेही मूळ. मोबाईलमधल्या फोटोवर किंवा नुसत्या झेरॉक्सवर भागत नाही.

विवाह प्रमाणपत्राबद्दल इथे थोडं थांबायला हवं, कारण लोक त्याच्यावर गरजेपेक्षा जास्त विसंबतात. ग्रामपंचायत किंवा पालिका देते त्या प्रमाणपत्रावर वधूचं सहसा लग्नाआधीचं नाव असतं आणि वराचं पूर्ण नाव असतं. वैशाली दत्तात्रय शिंदे हिचा विवाह किरण जगताप यांच्याशी झाला, एवढं ते सांगतं. त्यावरून मधलं नाव किरण आणि आडनाव जगताप कसं आलं हे कुणालाही समजतं, म्हणून या उदाहरणात ते पुरतं. पण सासरी तिचं नाव बदलून रेवती ठेवलं असेल आणि आधारवर Revati Kiran Jagtap झालं असेल, तर रेवती हे नाव त्या प्रमाणपत्रात कुठेच सापडणार नाही. वैशाली म्हणजेच रेवती हे सांगणारा कागद वेगळा लागतो. त्यातला सगळ्यांत भक्कम म्हणजे राजपत्र.

महाराष्ट्र शासनाच्या राजपत्राच्या भाग दोनमध्ये नावबदलाच्या जाहिराती छापल्या जातात. जुनं नाव आणि नवं नाव दोन्ही तिथे शेजारी शेजारी येतात. अर्ज शासन मुद्रण, लेखनसामग्री व प्रकाशन संचालनालयाकडे ऑनलाइन करता येतो. पण अर्जाची छाननी होऊन जाहिरात छापून यायला वेळ लागतो. कॉल लेटर हातात आल्यावर राजपत्राची धावपळ सुरू केली तर ती परीक्षेआधी पूर्ण होईल या भरवशावर राहू नये. ज्यांचं पहिलं नावही बदललं आहे त्यांनी परीक्षेचा विचार मनात आला त्याच महिन्यात हे काम हाती घ्यावं, असं माझं स्पष्ट मत आहे. प्रतिज्ञापत्र त्यामानाने लवकर होतं, पण त्यात दोन्ही नावं पूर्ण आणि ओळखपत्रांवर आहेत त्याच स्पेलिंगने लिहिलेली हवीत. जुनं नाव अर्धवट लिहिलेलं प्रतिज्ञापत्र काही जुळवून देत नाही.

वैशालीच्या जागी मी असतो तर पहिला रस्ता धरला असता. पॅन जुन्या नावाचं आहे, प्रमाणपत्रंही जुन्या नावाची आहेत, कुठलाही जोडकागद लागत नाही. पण या रस्त्यावर एक धोका आहे आणि तो फारसा कुणाच्या लक्षात येत नाही. अर्ज भरून झाला की पूर्वपरीक्षा, मुख्य परीक्षा आणि अधिकारी पदासाठी पुढे मुलाखत, असे महिने जातात. मधल्या काळात कुणीतरी सुचवतं की आधार नव्या नावाचं आहे तर पॅनही करून टाक, दोन्हींवर एकच नाव बरं. सल्ला एरवी योग्यच आहे. पण पूर्वपरीक्षा आणि मुख्य परीक्षा यांच्यामध्ये पॅनवरचं नाव बदललं, तर पूर्वपरीक्षेला ज्या कार्डावर आत सोडलं तेच कार्ड मुख्य परीक्षेला चालणार नाही. म्हणून ज्या ओळखपत्रावर अर्ज बेतला आहे, ते निवड प्रक्रिया संपेपर्यंत जसंच्या तसं राहू द्यावं. पॅन आणि आधार एकसारखं करायचं काम नंतर करावंच लागेल, ते तोवर थांबू शकतं.

उलट दिशेने घाई करून आधार पुन्हा माहेरच्या नावावर आणण्याचा विचारही जपून करावा. आधारवरचं नाव आयुष्यात दोनदाच बदलता येतं. वैशालीने एकदा बदललं आहे. परीक्षेसाठी दुसऱ्यांदा बदललं, तर पुन्हा कधी बदलायचं झाल्यास ते केंद्रावर होणार नाही, आधारच्या प्रादेशिक कार्यालयाकडे अपवाद म्हणून अर्ज करावा लागेल.

राहिलं स्पेलिंग. तपासणी इंग्रजी अक्षरांची होते, आणि आपल्या नावांची इंग्रजी रूपं कारकुनाच्या हातावर अवलंबून राहिलेली आहेत. Dattatray, Dattatraya, Dattatrey, तिन्ही चालतात. Jadhav आणि Jadhao एकाच घरात सापडतात. कुठे वडिलांच्या नावाला राव जोडलेलं असतं, कुठे नुसतं आद्याक्षर असतं. मराठीत वाचताना हे सगळं एकच वाटतं, म्हणून डोळा चुकतो. तपासायची खात्रीची पद्धत अशी: दहावीची गुणपत्रिका आणि नेणार ते ओळखपत्र समोर ठेवावं, दोन्ही नावं एकाखाली एक, मोठ्या इंग्रजी अक्षरांत, एकेक अक्षर बोट ठेवून लिहावीत. एका अक्षराचा फरक दाराशी चालून गेल्याचं ऐकिवात असतं. पण तो तिथल्या माणसाचा निर्णय असतो, उमेदवाराचा हक्क नव्हे.

गुणपत्रिकेतच चूक असेल तर गोष्ट वेगळी. मंडळ दुरुस्ती करून देतं, पण शाळेच्या जनरल रजिस्टरात जी नोंद आहे तिच्याशी जुळवण्यापुरतीच, आणि तीही शाळेमार्फत. लग्नानंतरचं नाव गुणपत्रिकेवर येत नाही. त्यामुळे जनरल रजिस्टरातलं नाव हाच सगळ्यांत जुना आणि न हलणारा आधार समजून बाकीचे कागद त्याच्याशी जुळवणं शहाणपणाचं.

अर्ज अंतिम करण्याआधी माहिती जतन करून पुन्हा पाहायची सोय असते. ती वापरून एक दिवस मध्ये जाऊ द्यावा आणि घरातल्या दुसऱ्या कुणाकडून नाव वाचून घ्यावं. अंतिम केल्यावर नाव बदलता येईलच असं धरून चालू नये. कॉल लेटर डाउनलोड होताच त्यावरचं नाव ओळखपत्राशी पुन्हा ताडावं. फरक दिसला तर cgrs.ibps.in या तक्रार निवारण पानावर लगेच कळवावं, उत्तराची प्रत जपून ठेवावी आणि जोडकागद मूळ स्वरूपात सोबत न्यावा. परीक्षाकेंद्रावरच्या माणसाला कॉल लेटरवरचं नाव दुरुस्त करता येत नाही. परत पाठवलं गेलं तर परीक्षेचं शुल्कही परत मिळत नाही, आणि पुढची संधी वर्षभराने येते.

तुमच्या घरातली सून, मुलगी किंवा बहीण बँकेच्या परीक्षेच्या तयारीला लागली असेल, तर तिच्या आधार-पॅनवरचं नाव बदलून आणण्याआधी तिने अर्जात कोणतं नाव भरलं आहे, एवढं तिला विचारून घ्या.