अकराची मुलाखत, साडेआठची लोकल

मुलाखतीच्या ईमेलमध्ये ‘सकाळी ११’ असं लिहिलेलं असतं. ही वेळ मुलाखत घेणाऱ्यांसमोर बसण्याची असते, इमारतीच्या फाटकाशी पोहोचण्याची नव्हे. बरेच उमेदवार इथेच चुकतात, कारण ते घरापासून पुढे हिशेब मांडतात. तो ११ वाजल्यापासून मागे मांडायला हवा.

समजा, कल्याणच्या एका मुलीला वांद्रे-कुर्ला संकुलातल्या एका कंपनीत अकाउंट्सच्या जागेसाठी बोलावलं आहे. रिसेप्शनवर तिने पावणेअकराला असावं. त्याआधी तळमजल्यावर सुरक्षारक्षक ओळखपत्र पाहणार, फोनवर आलेला ओटीपी विचारणार, वर फोन लावून खात्री करणार आणि पास देणार. रांग असेल तर यात पंधरा मिनिटं सहज जातात, म्हणजे फाटकाशी साडेदहा. कुर्ला पश्चिमेहून शेअर रिक्षाची रांग आणि ऑफिसच्या वेळची कोंडी धरून चाळीस मिनिटं. म्हणजे कुर्ल्याला ९.५०. कल्याणहून फास्ट लोकलला पाऊण तास ते पन्नास मिनिटं लागतात. त्यामुळे नऊची गाडी कागदावर पुरते. प्रत्यक्षात पहिल्या गाडीत चढताच आलं नाही किंवा गाड्या उशिराने धावत असल्या, तर तीच गाडी घात करते. म्हणून साडेआठची पकडायची.

एकदा रंगीत तालीम करून यावी, पण कामाच्या दिवशी आणि त्याच वेळी. रविवारी रिकाम्या रस्त्याने जाऊन आलेल्याला सोमवारच्या कोंडीची कल्पना येत नाही. मुलाखतच रविवारी असेल, तर मेगाब्लॉकचं वेळापत्रक आदल्या दिवशी पाहावं. फास्ट गाड्या स्लो मार्गावर वळवल्या की प्रवास लांबतो. या संकुलात पत्ताही फसवतो. ‘जी ब्लॉक’ एवढ्यावर रिक्षावाला नेमकं सोडू शकत नाही, त्यामुळे इमारतीचं नाव आणि पाहुण्यांसाठीचं फाटक आधीच विचारून घ्यावं.

सगळं सुरळीत झालं तर ती दहा वाजताच पोहोचेल. तेव्हा लगेच वर जाऊ नये. पाऊण तास आधी आलेल्या उमेदवाराचं काय करायचं, हा प्रश्न तिथल्या माणसांना पडतो. जवळ कुठे बसून पाणी प्यावं, घाम पुसावा, केस नीट करावेत.

कागदपत्रांची फाइल आदल्या संध्याकाळीच भरावी: बायोडाटाच्या तीन प्रती, गुणपत्रिका, आधीच्या नोकरीचं अनुभवपत्र, शेवटच्या तीन पगारपावत्या, फोटो. मूळ प्रती दाखवाव्यात, पण ठेवून देऊ नयेत. आधारची प्रत द्यावीच लागली, तर शेवटचे चारच आकडे दिसणारं मास्क्ड आधार डाउनलोड करून न्यावं.

फाइलमधली खरी अडचण मात्र नावाची असते. लग्नानंतर आधारवर सासरचं आडनाव, पदवीवर माहेरचं, पॅनवर वडिलांचं नाव मधे. हे आपल्याकडे घरोघरी आहे. विवाह नोंदणीचा दाखला किंवा नावबदलाचं राजपत्र सोबत असलं की प्रश्न दोन मिनिटांत मिटतो. नसलं की ‘नंतर मेल करा’वर येऊन थांबतो.

सकाळी नवं काही वाचू नये. आपली ओळख दोन मिनिटांत, मोठ्याने, एकदा बोलून पाहावी. मनातल्या मनात म्हटलेली वाक्यं तोंडातून निघताना अडखळतात. नेहमीचाच नाश्ता करावा. छातीत धडधडत असेल तर ती दाबण्यात शक्ती घालवू नये. हार्वर्डच्या ॲलिसन वुड ब्रुक्स यांनी २०१४ साली प्रसिद्ध केलेल्या प्रयोगांत, भाषणाआधी ‘मी शांत आहे’ म्हणणाऱ्यांपेक्षा ‘मी उत्साहात आहे’ म्हणणाऱ्यांची भाषणं सरस ठरली. धडधड तीच, फक्त तिला नाव वेगळं.

मग येते प्रतीक्षेची खोली. इथे बहुतेक जण फोनमध्ये डोकं घालतात, आणि नेमका तेव्हाच हातात एक छापील अर्ज येतो. जुन्या नोकऱ्यांच्या तारखा, सध्याचा पगार, अपेक्षित पगार, नोटिशीचे दिवस, ओळख देणाऱ्या दोघांचे नंबर. घाईत जून २०२२ ऐवजी ऑगस्ट लिहिला जातो. आतल्या माणसापुढे बायोडाटा आणि हा अर्ज शेजारी शेजारी असतात. दोन महिन्यांचा हा फरक निव्वळ विसरण्यातून आलेला असला, तरी लपवाछपवीसारखा दिसतो, आणि पुढची पाच मिनिटं तो निस्तरण्यात जातात. सध्याचा पगारही हातात येणारा की वार्षिक एकूण, हे न पाहताच लिहिला जातो.

या सगळ्या नोंदी एका चिठ्ठीवर घरूनच लिहून न्याव्यात. अर्ज भरून झाल्यावर वेळ उरलाच, तर नोकरीची जाहिरात पुन्हा वाचावी आणि तिथल्या प्रत्येक कामासमोर आपण केलेलं एक काम आठवावं. अर्जावर सही करण्याआधी तारखा बायोडाटाशी एकदा ताडून पाहा.