बिलावरच्या पंधरा अक्षरांत काय काय दडलंय

हार्डवेअरच्या दुकानातलं पक्कं बिल घ्या किंवा हॉटेलची पावती. दुकानाच्या नावाखाली पंधरा अक्षरांचा एक लांबलचक क्रमांक छापलेला असतो. १ जुलै २०१७ ला जीएसटी लागू झाल्यापासून तो आपल्या डोळ्यांसमोर आहे, पण वाचतो कोण? आकडे आणि इंग्रजी अक्षरं यंत्राने मनाला येईल तशी एकापुढे एक मांडलीत, असंच पाहणाऱ्याला वाटतं. प्रत्यक्षात त्यातल्या प्रत्येक जागेला अर्थ आहे. तो उलगडायला एक्सेल किंवा गूगल शीट्समधली तीन साधी फंक्शनं पुरतात: `LEFT`, `MID` आणि `RIGHT`.

तिघांचं काम एकच, सेलमधल्या मजकुराचा तुकडा काढून देणं. `LEFT` डावीकडून मोजतं आणि `RIGHT` उजवीकडून. `MID` मधूनच उचलतं, म्हणून त्याला दोन आकडे सांगावे लागतात: कितव्या अक्षरापासून आणि किती अक्षरं.

हातात धरून बघायला एक क्रमांक हवा. कुणाचा खरा क्रमांक वापरायला नको, म्हणून मी एक बनवला आहे: `27ABCFK0000L1ZR`. यात पॅनचा आकडी भाग मुद्दाम 0000 ठेवलाय. खऱ्या पॅनमध्ये ते चार आकडे 0001 पासून सुरू होतात, त्यामुळे हा क्रमांक कुणाचाच असू शकत नाही. तो `A2` मध्ये टाका आणि शेजारच्या सेल्समध्ये एकेक फॉर्म्युला लिहा.

```
=LEFT(A2,2)
=MID(A2,3,10)
=RIGHT(A2,1)
```

पहिल्याचं उत्तर `27`. हा राज्याचा कोड, आणि २७ म्हणजे महाराष्ट्र. गोव्याचा ३०, कर्नाटकाचा २९, गुजरातचा २४. खरेदीच्या हजार ओळींच्या यादीवर हा एवढासा फॉर्म्युला खाली ओढला, की कुठला व्यापारी कुठल्या राज्यात नोंदलेला आहे याचा रकाना तयार. पत्ते वाचत बसायची गरज नाही.

दुसऱ्याचं उत्तर `ABCFK0000L`. हा त्या व्यापाऱ्याचा पॅन. तो क्रमांकाच्या पोटात जसाच्या तसा बसवलेला असतो. एकाच कंपनीची मुंबईला आणि पणजीला वेगवेगळी नोंदणी असली, तरी पहिली दोन अक्षरं बदलतात आणि मधली दहा तीच राहतात. म्हणूनच `MID` ने काढलेल्या रकान्यावर यादी लावली, की विखुरलेल्या शाखा आपोआप एकमेकींजवळ येऊन बसतात. पॅननंतरचं तेरावं अक्षर त्या राज्यातली त्याच पॅनवरची ही कितवी नोंदणी ते सांगतं. चौदाव्या जागी सहसा `Z` असतो. पंधरावं, म्हणजे `RIGHT` ने काढलेलं `R`, आधीच्या चौदांवरून ठरलेल्या हिशेबाने निघतं. मधलं एखादं अक्षर चुकीचं टाइप झालं तर हे शेवटचं जुळत नाही आणि चूक उघडी पडते.

खरी मौज मात्र आणखी आत आहे. पॅनमधलं चौथं अक्षर त्याचा मालक कोणत्या प्रकारचा आहे ते सांगतं: `P` म्हणजे व्यक्ती, `C` म्हणजे कंपनी, `F` म्हणजे भागीदारी फर्म, `H` म्हणजे हिंदू अविभक्त कुटुंब, `T` म्हणजे ट्रस्ट. पॅनच्या आधी राज्याची दोन अक्षरं आहेत, म्हणून पॅनमधलं चौथं ते पूर्ण क्रमांकातलं सहावं. `=MID(A2,6,1)` लिहिलं की उत्तर `F`, म्हणजे हा धंदा भागीदारीतला. आता पुढचंच, सातवं अक्षर काढा. ते येतं `K`, आणि ते त्या फर्मच्या नावाचं आद्याक्षर आहे! नाव कुठेही लिहिलेलं नाही, तरी त्याची सुरुवात काय ते क्रमांकच सांगून मोकळा होतो.

यातून एक झटपट तपासणी करता येते. `B` रकान्यात फर्मचं इंग्रजीतलं नाव असेल, तर असं लिहा:

```
=MID(A2,7,1)=LEFT(B2,1)
```

जिथे `FALSE` येईल, तिथे एकाचा क्रमांक दुसऱ्याच्या नावापुढे चिकटला असण्याचा संशय घ्यायला जागा आहे. संशयच म्हणतोय, कारण सहावं अक्षर `P` असेल तर गणित बदलतं. एकट्याच्या मालकीच्या दुकानाचा पॅन मालकाचा असतो, आणि व्यक्तीच्या पॅनमधलं पाचवं अक्षर आडनावाचं. पाटीवर देवाचं नाव आणि क्रमांकात मालकाच्या आडनावाचं आद्याक्षर, असा प्रकार बाजारात सर्रास दिसतो. तेव्हा `P` च्या ओळी बाजूला काढून मगच ही तपासणी लावायची. नावाच्या आधी `M/s` लिहायची सवयही इथे नडते, कारण मग `LEFT` प्रत्येक ओळीत इमानदारीने `M` आणून देतं.

ही इमानदारीच या तिघांचा स्वभाव आहे. कापडाच्या दुकानातला नवा पोऱ्या जसा गज लावून टरकन फाडतो आणि नक्षी कुठे तुटली ते बघत नाही, तशी ही फंक्शनं. मोजणं त्यांना येतं, अर्थ कळत नाही. क्रमांकाच्या आधी एक रिकामी जागा शिरली असेल, तर तीही एक अक्षर म्हणून मोजली जाते. मग `LEFT` कडून रिकामी जागा आणि `2` येतं, `MID` कडून `7ABCFK0000`. लाल खूण उमटत नाही, एरर येत नाही. पंचविसाव्या अक्षरापासून काप असं `MID` ला सांगितलं तरी ते तक्रार करत नाही, मुकाट्याने रिकामं उत्तर देतं. म्हणून कापण्याआधी `=LEN(A2)` लिहून लांबी बघावी. पंधराच्या जागी सोळा आले तर काहीतरी आगंतुक आत आहे. `TRIM` आजूबाजूच्या साध्या रिकाम्या जागा काढून टाकतं. पण वेबपेजवरून उचललेल्या मजकुरात दुसऱ्याच जातीची एक रिकामी जागा येते. दिसायला तशीच, पण `TRIM` ला दाद न देणारी. `TRIM` लावूनही लांबी सोळाच राहिली, तर हा उतारा:

```
=SUBSTITUTE(A2,UNICHAR(160),"")
```

दुसरा फटका अनेकांना पहिल्याच दिवशी बसतो. राज्याचा कोड निघाला `27`, म्हणून पुढच्या सेलमध्ये `=LEFT(A2,2)=27` असं विचारलं, आणि उत्तर आलं `FALSE`. डोळ्यांसमोर २७ दिसत असताना शीट नाही म्हणतं! कारण या तिघांनी काढलेला तुकडा नेहमी मजकूरच असतो, आकडे असले तरी. ओळखायची खूण सोपी: सेलचं अलाइनमेंट आपण बदललेलं नसेल, तर मजकूर डाव्या कडेला चिकटतो आणि संख्या उजव्या. राज्यांच्या कोडची यादी संख्येत असेल आणि `VLOOKUP` लावलं, तर याच कारणाने `#N/A` येतं. `VALUE` मध्ये गुंडाळून तुकड्याची संख्या करता येते, पण इथे तसं करू नये. दिल्लीचा कोड ०७ आहे आणि राजस्थानचा ०८. संख्या केली की पुढचं शून्य गळून पडतं. त्यापेक्षा यादीतले कोडच मजकूर म्हणून ठेवावेत आणि तुलना करताना `"27"` असं अवतरणचिन्हांत लिहावं.

तारखेच्या बाबतीत तर गंमत वेगळीच. सेलमध्ये `15/08/2024` दिसतंय, दिवस हवा म्हणून एक्सेलमध्ये `LEFT` ने दोन अक्षरं कापली, आणि हातात येतं `45`. ऑगस्टच्या पंचेचाळीस तारखेला काय म्हणावं? एक्सेल तारीख आतून एका संख्येत ठेवतं आणि त्या दिवसाची संख्या आहे ४५५१९. पडद्यावर दिसतो तो निव्वळ पोशाख, कात्री चालते आतल्या संख्येवर. तारखेतून दिवस काढायला `DAY` हे वेगळं फंक्शन आहे.

आता मराठीकडे वळू, कारण इथे ही मोजणी आपल्या लिपीबद्दलच काही सांगून जाते. सेलमध्ये `ज्ञानेश्वर` लिहा आणि `LEN` ने लांबी विचारा. ज्ञा, ने, श्व, र अशी आपण बोटांवर चार अक्षरं मोजतो. शीट म्हणतं दहा. संगणकाच्या लेखी देवनागरीतला प्रत्येक काना, मात्रा, वेलांटी आणि पाय मोडण्याची खूण हे एकेक स्वतंत्र अक्षर आहे. या नावात रांग अशी लागते: ज, हलन्ताची खूण, ञ, काना, न, मात्रा, श, पुन्हा हलन्ताची खूण, व, र. मोजून पाहा, दहाच भरतात. शाळेच्या तक्त्यावर ज्ञ ला स्वतःचं वेगळं घर असतं, इथे मात्र तो तिघांचा मिळून बनलेला.

त्यामुळे नावांच्या यादीतून आद्याक्षर काढायला `=LEFT(A2,1)` लिहिलं, की ज्ञानेश्वर निमूटपणे ज च्या गटात जाऊन बसतो, जयंत आणि जान्हवीच्या शेजारी. क्षितिजचा क होतो, श्रीधरचा श. उलट बाजूने तर आणखी विचित्र. `स्नेहा` वर `=RIGHT(A2,1)` चालवलं तर `हा` च्या ऐवजी ह चा नुसता काना येतो, बहुतेक वेळा तुटक ठिपक्यांच्या वर्तुळाला टेकून उभा. ते वर्तुळ म्हणजे ज्याच्यावर तो काना बसायचा त्या हरवलेल्या अक्षराची जागा.

जोडाक्षर धरून आद्याक्षर काढायचं असेल, तर आधी दुसऱ्या जागी हलन्ताची खूण आहे का ते विचारावं लागतं. युनिकोडमध्ये तिचा क्रमांक २३८१.

```
=IF(MID(A2,2,1)=UNICHAR(2381),LEFT(A2,3),LEFT(A2,1))
```

आता ज्ञानेश्वरचा ज्ञ येतो, क्षितिजचा क्ष, श्रीधरचा श्र आणि स्नेहाचा स्न. साध्या नावांना धक्का लागत नाही, कारण तिथे दुसऱ्या जागी खूणच नसते. अडतं ते तीन व्यंजनांच्या जोडाक्षराशी. `स्त्री` दिलंत तर हा फॉर्म्युला स्त वर थांबतो आणि त्र मधला र मागे राहतो. तिथे चौथी जागाही तपासून `LEFT` ला पाचपर्यंत न्यावं लागेल. पण माणसांच्या नावांच्या यादीत अशी सुरुवात विरळाच, तेव्हा मी तरी तिथवर जात नाही.