फारसी याद्यांतील गणनाशब्द व त्यांचें इंग्रजी भाषांतर

फारसी याद्यांत संख्येपुढें वस्तूच्या जातीप्रमाणें एक गणनाशब्द येतो. माणसांस नफर, घोड्यांस रास, तरवारींस कब्जा, हत्तींस जंजीर. आमच्या जुन्या मराठी कागदांतील ‘घोडे रास’ हा त्याचाच प्रकार होय. संस्कृतांत अशी रीति नसल्यामुळें आम्हां संस्कृतज्ञांस ती प्रथम चमत्कारिक वाटते.

‘फील दो जंजीर’ म्हणजे दोन हत्ती. साखळदंडाचा तेथें संबंध नाहीं. इंग्रजी भाषांतरांत ‘दोन हत्ती, साखळ्यांसह’ असें लिहिलें कीं नजराण्यांत न दिलेली वस्तु शिरते. खरोखरच साखळ्या दिल्या असतील तर जंजीर हें वस्तूचें नांव होऊन संख्येच्या आधीं येतें व तिच्या मागून दुसराच गणनाशब्द लागतो: ‘जंजीर दो अदद’. म्हणून आधीं शब्दाचें स्थान पाहावें, आणि तो केवळ मोजणीचा ठरल्यास इंग्रजींत सरळ गाळावा.

दस्त या शब्दाची गोष्ट निराळी. मूळ अर्थ हात. पण ससाण्यापुढें तो एक पक्षी दाखवितो व पोशाखापुढें पूर्ण संच. कागद फाटून वस्तूचें नांव गेलें व ‘पंज दस्त’ एवढेंच उरलें, तर ते पांच ससाणे कीं पांच पोशाख हें कोण सांगणार? जंजीर उरता तर हत्ती निश्चित होता. अशा जागीं दस्त हा शब्द रोमन लिपींत तसाच ठेवून खालीं दोन्ही अर्थांची टीप द्यावी. पोशाख स्पष्ट असला तरी ‘पांच वस्त्रें’ म्हणूं नये. एका दस्तांत अनेक वस्त्रें असतात.