सूट मिळाला की सूट मिळाली?

आमच्या वर्गातल्या एका मुलीने ईदच्या सुट्टीनंतर घरची हकिकत सांगितली. पुण्यात नोकरी करणाऱ्या भाईजानने अम्मीला मोबाईलवर लिहिले होते, 'ईदसाठी शॉपमध्ये स्पेशल सूट मिळेल.' अम्मीला वाटले, मुलगा सलवार-सूट आणतो आहे. तिने शिंप्याकडे कापड टाकलेच नाही. चांदरातीला मुलगा रिकाम्या हाताने आला. त्याला म्हणायचे होते ते एवढेच, की दुकानात किंमत कमी होणार आहे.

चूक कोणाचीच नव्हती. 'सूट' हा मराठी शब्द म्हणजे सवलत, आणि इंग्रजीतून आलेला 'सूट' म्हणजे कपडे. लिहायला दोन्ही सारखेच. त्यातून आपल्या घरांत उर्दू बोलली जाते. उर्दूत सवलतीला 'छूट' म्हणतात आणि 'सूट' म्हटले की कपडाच डोळ्यांसमोर येतो. वाक्यात 'शॉप' आणि 'स्पेशल' हे शब्द आधीच असल्यामुळे अम्मीने तिसरा शब्दही इंग्रजीच धरला.

एरवी मराठीत असा घोटाळा सहसा टिकत नाही, कारण शब्दाचे लिंग अर्थ सांगते. सवलत या अर्थाचा 'सूट' स्त्रीलिंगी आहे आणि कपडा या अर्थाचा पुल्लिंगी. 'सूट मिळाली' म्हणजे पैसे वाचले, 'सूट मिळाला' म्हणजे कपडा हाती आला. 'चांगली सूट' आणि 'चांगला सूट' यांतही तोच फरक. मग भाईजानच्या वाक्यात तो का दिसला नाही? 'मिळेल' हे रूप दोन्ही लिंगांना सारखेच राहते. 'स्पेशल' हे विशेषणही 'चांगला-चांगली' सारखे बदलत नाही. म्हणजे लिंग सांगणारा एकही शब्द त्या वाक्यात नव्हता. 'दुकानात सूट आहे का?' या प्रश्नातही तीच अडचण आहे.

लिंगाची ही खूण प्रत्येक शब्दाला मात्र लागू पडत नाही. 'त्याने कट केला' हे वाक्य घ्या. कारस्थान रचले की फोन बंद केला? कारस्थान या अर्थाचा 'कट' पुल्लिंगी आणि 'फोन'ही पुल्लिंगी, म्हणून दोन्हीकडे 'केला'च येते. इथे कशाचा कट आणि कोणाविरुद्ध, हे लिहावेच लागते. 'लाईन कट केली' म्हटले तर शंका राहत नाही, कारण 'केली' हे रूप 'लाईन'शी जुळते.

आम्ही मुलांना आता हीच कसोटी शिकवतो. असा शब्द आला की त्याच्यापुढे 'मिळाला' आणि 'मिळाली' दोन्ही लावून पाहा. दोन्ही बरोबर वाटले, तर वाचणाराही अडणार. मग 'दहा टक्के सूट' किंवा 'सलवार-सूट' असे स्पष्ट लिहा. भाईजानने तेवढे लिहिले असते, तर अम्मीने कापड वेळेवर शिवायला टाकले असते.